इनपुट शीटमध्ये ओटीची टोटल तीन ठिकाणी तीन येतेय, फायनान्सला पाठवण्याआधी काय काय तपासता?

प्राजक्ता_हजेरी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दर महिन्याला पगाराची इनपुट शीट मी बनवते, म्हणजे ओटीचे तास, बिनपगारी रजेचे दिवस, नवीन आलेले आणि सोडून गेलेले, हे सगळं एका एक्सेलमध्ये भरून फायनान्सला द्यायचं, पैशांचा हिशोब तिकडे होतो, आपण फक्त तास आणि दिवस द्यायचे. उद्या संध्याकाळी कट-ऑफ आहे आणि एका विभागाच्या ओटीवर गाडी अडलीय. सहाच माणसं आहेत पण टोटल जुळत नाहीये. हजेरी मशीनचा रिपोर्ट म्हणतो ६२:३०, सुपरवायझरांच्या यादीखाली ६१.५० लिहिलंय आणि माझ्या शीटमध्ये खाली SUM लावलंय तिथे दिसतंय ९:५८. शीटमध्ये माझ्यासमोर हे असं दिसतंय:

१०१ – १२:३०
१०२ – ७:४५
१०३ – ४:४८
१०४ – १५:००
१०५ – ६:१५
१०६ – ११:४०

सुपरवायझरांच्या यादीतून काही ओळी कॉपी-पेस्ट झाल्यात, काही मशीनच्या रिपोर्टमधून. तिघांपैकी कोणावर विश्वास ठेवू? आणि रजेच्या कपातीचे कॉलम पाठवण्याआधी तुम्ही कसे तपासता तेही सांगा, तिथेही शंका आहेत, त्या नंतर टाकते.

निखिल९

सोपं आहे, तो कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट नंबर करा, मग तास दशांशात येतील आणि टोटल बरोबर येईल. आम्ही असंच करतो.

टाइमऑफिस_दादा

निखिल, फॉरमॅट नंबर केला तर १२:३० च्या जागी ०.५२ दिसेल, १२.५ नाही. एक्सेल वेळेला दिवसाचा भाग समजतो, २४ तास म्हणजे १, त्यामुळे साडेबारा तास म्हणजे अर्ध्या दिवसाहून थोडे जास्त. तासात आणायचं तर २४ ने गुणावंच लागतं, नुसता फॉरमॅट बदलून काही होत नाही.

प्राजक्ताताई, आधी एकच करा. टोटलच्या सेलचा फॉरमॅट कस्टममध्ये जाऊन `[h]:mm` करा, चौकटी कंसासकट. आत्ता तिथे `h:mm` असणार, तो २४ तास झाले की पुन्हा शून्यापासून मोजतो, म्हणून मोठी टोटल कधीच दिसत नाही. बदलल्यावर काय दिसतं ते इथे लिहा, मला वाटतं ६२:३० दिसणार नाही.

सदानंद_रात्रपाळी

हे सगळ्यांकडे होतं वाटतं. माझा पण मागच्या महिन्यात ओटी कापला, रात्री दहाला आलो सकाळी साडेसातला सुटलो, आठ तासांची ड्युटी धरली तर दीड तास ओटी व्हायला पाहिजे पण शीटमध्ये माझ्या नावापुढे सगळे ##### आलेले आणि ओटी शून्य. तक्रार कुठे करायची असते?

प्राजक्ता_हजेरी

सदानंददादा, हा धागा शीट बनवणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण तुमचं कारण कोणीतरी सांगेलच, थांबा थोडं.

टाइमऑफिस_दादा, केलं. आता २७३:५८ आलंय! हे कुठून आलं? सहा माणसांचे पावणेतीनशे तास कसे होतील.

अनघा_बी

गंमत बघा, तुम्ही वर जे सहा आकडे दिलेत ते मी वहीवर हाताने जोडले तर ५७:५८ येतात. २७३:५८ आणि ५७:५८ मधे बरोबर २१६ तासांचा फरक आहे, २१६ म्हणजे ९ गुणिले २४. म्हणजे कुठल्यातरी सेलमध्ये नऊ अख्खे दिवस लपलेत जे `h:mm` मुळे दिसत नाहीयेत.

टाइमऑफिस_दादा

अनघाताईंनी नेमकं पकडलं. १०३ च्या सेलवर क्लिक करा आणि वर फॉर्म्युला बारमध्ये बघा, तिथे ४:४८ च्या आधी ९ जानेवारी १९०० ची तारीख असणार, म्हणजे आत आकडा ९.२ आहे.

झालंय असं. १०३ चा खरा ओटी ९ तास २० मिनिटं. सुपरवायझरांनी आपल्या यादीत तो टिंब देऊन लिहिला, ९.२०. ती ओळ तुमच्या शीटमध्ये आली, एक्सेलने तिला साधा आकडा समजलं, म्हणजे सव्वानऊ दिवसांच्या आसपास. त्यातले नऊ दिवस `h:mm` फॉरमॅटने गिळले आणि ०.२ दिवस म्हणजे ४ तास ४८ मिनिटं तेवढी दाखवली. बाकी पाच जणांची बेरीज ५३:१० आहे. त्यात ९.२ दिवसांचे २२०:४८ मिळवा, २७३:५८ होतात. म्हणजे तुमचं सगळं गणित बसलं. तो सेल पुसून तिथे ९:२० असं कोलन देऊन टाइप करा, ६२:३० दिसेल.

आता सुपरवायझरांची ६१.५०. ही जास्त त्रासदायक, कारण ती वेडीवाकडी दिसत नाही, अगदी जवळची दिसते आणि लोक म्हणतात तासाभराचा फरक आहे चालायचंच. त्यांनी सगळ्यांचे तास टिंब देऊन लिहिले आणि साध्या आकड्यांसारखे जोडले. १२.३०, ७.४५, ९.२०, १५.००, ६.१५, ११.४०, बेरीज ६१.५०. तासांची बेरीज ६० बरोबर आहे, मिनिटांची बेरीज १५० आहे, ती खरी अडीच तास होते पण टिंबवाल्या बेरजेत ती १.५० झाली. म्हणून एक तास कमी. हा फरक नेहमी एका हिशोबातच असतो: सगळ्यांच्या वरच्या मिनिटांची बेरीज घ्या आणि १५० ने भागा, तेवढे तास कमी पडतात. इथे १५० भागिले १५०, बरोबर एक. दुसऱ्या कुठल्या विभागात असाच थोडासा फरक आला तर हे करून बघा, आकडा तंतोतंत जुळला तर कारण तेच, बाकी शोधाशोध करायची गरज नाही.

आणि नुकसान टोटलचं नाही माणसाचं होतं. १०६ चे ११ तास ४० मिनिटं म्हणजे ११.६७ तास, फायनान्सला ११.४० गेले तर त्याचे जवळपास १६ मिनिटांचे पैसे गेले, आणि दर महिन्याला जातील कारण कुणाला दिसणारच नाही.

प्राजक्ता_हजेरी

आला! ६२:३० आला. फॉर्म्युला बारमध्ये खरंच १९०० ची तारीख होती. खूप आभार दोघांचे.

आता फायनान्सला दशांशात द्यायचे आहेत, ६२.५०. त्यांच्या टेम्पलेटमध्ये तासांचा कॉलम नंबरचा आहे.

निखिल९

त्यासाठी मी HOUR आणि MINUTE वापरतो, हा फॉर्म्युला पक्का चालतो:

```
=HOUR(C2)+MINUTE(C2)/60
```

टाइमऑफिस_दादा

एकेका ओळीला चालेल, निखिल, जोपर्यंत कुणाचा महिन्याचा ओटी २४ तासांच्या आत आहे तोपर्यंत. २६:३० वर लावलास तर २.५ देईल कारण HOUR घड्याळातला तास देतं, एकूण तास नाही. ६२:३० वर लावलास तर १४.५. म्हणजे ज्यांनी सगळ्यात जास्त राबलंय त्यांचाच ओटी उडतो. हा वापरा, कुठेच अडत नाही:

```
=ROUND(C2*24,2)
```

प्रत्येक ओळीला वेगळ्या कॉलममध्ये, D मध्ये समजा. जुना कॉलम पुसू नका, दोन्ही शेजारी राहू द्या. मग खाली D ची बेरीज आणि `=SUM(C2:C7)*24` अशा दोन टोटल घ्या आणि जुळतात का बघा. पैशाएवढा राउंडिंगचा फरक सोडला तर जुळायलाच पाहिजेत.

अनघा_बी

दादा हे दोन टोटलचं फार कामाचं आहे, त्यात अजून एक गोष्ट सापडते ती सांगते. मशीनच्या रिपोर्टमधून एक्सपोर्ट केलं की काही वेळा वेळ टेक्स्ट म्हणून येते. दिसायला ९:२० च दिसतं, बहुतेक वेळा सेलमध्ये डावीकडे चिकटलेलं असतं पण कुणी कॉलम सेंटर केला असेल तर तेही कळत नाही. आता बघा, टेक्स्टवाल्या ९:२० ला २४ ने गुणलं तर एक्सेल स्वतःहून त्याला वेळ समजून ९.३३ देतो, बरोबर उत्तर. पण SUM मात्र टेक्स्टला चक्क सोडून देतं, एरर नाही काही नाही. म्हणजे D ची बेरीज बरोबर आणि C ची बेरीज नेमकी त्या माणसाएवढी कमी. हे वर टाकून ठेवा, शून्य आलं पाहिजे:

```
=COUNTA(C2:C7)-COUNT(C2:C7)
```

शून्य नसेल तर जितका आकडा तितके सेल टेक्स्ट आहेत. ओटी नसलेल्यांसमोर लोक डॅश टाकतात, तेही यात मोजले जातात, म्हणून आम्ही डॅश बंद करून ० टाकायला लावलं.

रमेश_फा

मी फायनान्सच्या बाजूला आहे म्हणून बोलतो. तुम्ही लोक तिकडे जे काय करता ते आम्हाला दिसत नाही हे लक्षात घ्या. आमच्याकडे मशीनचा रिपोर्ट नसतो, आमच्याकडे फक्त तुमची शीट. त्यामुळे आम्ही काय तपासतो तर ओळी किती, ओटीची टोटल मागच्या महिन्याच्या तुलनेत कशी, बिनपगारी दिवसांची टोटल कशी. २७३ तास आले असते तर आम्ही नक्की परत पाठवलं असतं पण ६१.५० आले असते तर आमच्याकडून आरामात गेले असते आणि पगार झाला असता. म्हणून टोटल कुठून आली ते तुमच्याकडेच पक्कं व्हायला हवं.

मला मेलमध्ये चार ओळी मिळाल्या की बस होतं. मशीनचे तास अमुक, त्यातून मंजूर न झालेले वजा अमुक, हाताने वाढवलेले अधिक अमुक, शीटमधले एकूण अमुक.

प्राजक्ता_हजेरी

रमेशसर, या सहा जणांचं तर मशीन आणि शीट सारखंच आलं, ६२:३०. पण दुसऱ्या एका विभागात मशीन ६८:३० दाखवतंय आणि माझ्याकडे मंजूर ६२ तास आहेत. त्यात ८ तास मॅनेजरांनी नामंजूर केलेत आणि एकाचं कार्ड पंच झालं नव्हतं त्याचे दीड तास हाताने टाकलेत. ६८.५ वजा ८ अधिक १.५ म्हणजे ६२. हे असंच लिहू ना?

रमेश_फा

अगदी असंच. आणि नामंजूर ८ तास कोणाचे आणि कोणाच्या सहीने ते मेलला जोडा, कारण पगार झाल्यावर पहिला फोन त्याच माणसाचा येतो.

सुजाता_एम

टोटल जुळली की झालं ना मग? आमच्याकडे तरी मशीनची टोटल आणि शीटची टोटल जुळली की मी पाठवून देते, इतकं ओळ ओळ कोण बघत बसणार, तीनशे माणसं आहेत.

अनघा_बी

नाही सुजाता, तिथेच फसतं. टोटल जुळली म्हणजे इतकंच कळलं की तास हरवले नाहीत. ते योग्य माणसापुढे आहेत का हे टोटल सांगतच नाही. कुणी शीट नावाप्रमाणे सॉर्ट करताना तासांचा कॉलम सिलेक्शनच्या बाहेर राहिला तर नावं हलतात, तास जागेवर राहतात, १०२ चे पावणेआठ तास १०५ ला आणि १०५ चे सव्वासहा १०२ ला. टोटल ६२:३० ची ६२:३०, ओळी सहाच्या सहा. कागदावर सगळं हिरवं. आणि ज्याला जास्त मिळाले तो काही बोलत नाही, ज्याला कमी मिळाले तो बोलतो, तोपर्यंत पगार खात्यात गेलेला असतो.

ओळ ओळ डोळ्याने बघायची नाहीच आहे. मशीनचा रिपोर्ट Machine नावाच्या वेगळ्या शीटवर तसाच ठेवा, त्यात D कॉलममध्ये दशांश तास करून घ्या, आणि आपल्या शीटमध्ये फरकाचा कॉलम:

```
=D2-VLOOKUP(A2,Machine!A:D,4,FALSE)
```

शोध एम्प्लॉयी कोडवरच घ्या, नावावर नको, एकाच नावाची दोन माणसं निघतात. मग फरक शून्य नसलेल्या ओळी फिल्टर करा. तीनशेपैकी सात-आठ निघतील आणि त्या सात-आठ म्हणजे नामंजूर आणि हाताने टाकलेल्याच असायला हव्यात. एक जरी जास्त निघाली तर ती बघायची. फरकाच्या कॉलमची नुसती बेरीज करू नका, अधिक वजा एकमेकांना खातात.

टाइमऑफिस_दादा

यात एक भर. त्या VLOOKUP भोवती IFERROR लावून शून्य देऊ नका. शीट स्वच्छ दिसावी म्हणून खूप जण लावतात. कोड मशीनमध्ये ०४५ असा टेक्स्ट आणि आपल्याकडे ४५ असा नंबर असला की जुळत नाही, `#N/A` येतो, तो लाल दिसला पाहिजे. तास भरायच्या कॉलमलाच IFERROR लावलं असेल तर त्या माणसाचा ओटी गुपचूप शून्य होतो, आणि शून्य ओटीचे खूप जण असतात म्हणून शंकाही येत नाही. एरर दिसतोय हे चांगलं आहे, त्याला झाकायचं नाही.

सदानंद_रात्रपाळी

माझ्या ##### चं कोणी सांगणार का?

टाइमऑफिस_दादा

हो सदानंद, राहून गेलं. तुमच्याकडे सुटण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा करत असतील. साडेसातमधून रात्रीचे बावीस वजा केले की उत्तर ऋण येतं आणि एक्सेलला ऋण वेळ दाखवता येत नाही, म्हणून #####. शीट बनवणाऱ्याने असं करायला हवं:

```
=MOD(E2-D2,1)
```

२२:०० ते ७:३० चे साडेनऊ तास येतात, आठ वजा जाता दीड. पण ##### कॉलम अरुंद असला तरी येतात, म्हणून आधी कॉलम रुंद करून बघायला सांगा. तुमच्या एचआरला तारीख आणि पंचच्या दोन्ही वेळा लिहून मेल करा, नुसतं ओटी कापला म्हणू नका, वेळा दिल्या की पाच मिनिटांत सापडतं.

सदानंद_रात्रपाळी

धन्यवाद दादा. अजून एक, महिन्याच्या शेवटच्या रात्री आलो आणि एक तारखेला सकाळी सुटलो तर तो ओटी कुठल्या महिन्यात?

सुजाता_एम

आमच्याकडे शिफ्ट ज्या तारखेला चालू झाली त्या तारखेत धरतात.

रमेश_फा

आमच्याकडे उलट, पंच आउट ज्या दिवशी त्या दिवशी, कारण मशीन तसंच देतं. कुठलंही चालेल पण दोन्ही नको, नाहीतर तीच रात्र दोन्ही महिन्यांच्या शीटमध्ये येते किंवा कुठेच येत नाही. महिना बदलताना रात्रपाळीवाल्यांची शेवटची तारीख मागच्या शीटशी ताडून बघायची.

प्राजक्ता_हजेरी

ओटीचं बऱ्यापैकी कळलं. आता रजेचं विचारते. महिना ३० दिवसांचा. १०४ हा माणूस ११ तारखेला जॉइन झालाय. हजर १६ दिवस, साप्ताहिक सुट्ट्या ३, आणि एक दिवस न सांगता गैरहजर. माझ्याकडे विभागातून जी शीट आलीय त्यात त्याचे बिनपगारी दिवस ११ लिहिलेत, म्हणजे आधीचे १० अधिक हा एक. मी प्रत्येक ओळीला हजर अधिक सुट्टी अधिक रजा अधिक बिनपगारी बरोबर ३० येतं का बघते, १६ आणि ३ आणि ११, ३० येतायत. मग हे बरोबर आहे का? मला कसंतरी वाटतंय.

निखिल९

बरोबरच आहे की, तो दहा दिवस नव्हताच, त्याचे पैसे द्यायचे नाहीत, ३० जुळतायत.

रमेश_फा

निखिल, ते तुमचं सॉफ्टवेअर काय करतं त्यावर आहे. जॉइनिंगची तारीख ११ टाकली असेल तर आमचं सॉफ्टवेअर स्वतःच ३० चे २० दिवस धरतं. मग त्या २० मधून तुम्ही पाठवलेले ११ वजा होतात आणि माणसाला ९ दिवसांचा पगार मिळतो. मिळायला हवा १९ दिवसांचा. म्हणजे दहा दिवस दोनदा कापले गेले. पहिल्याच पगाराला.

अनघा_बी

आणि प्राजक्ता, तुझा चेक ३० शी जुळवत होता म्हणून तो पास झाला. तो ३० शी नाही तर त्या माणसाच्या नोकरीतल्या दिवसांशी जुळवायला हवा. जॉइनिंग M मध्ये, सोडल्याची तारीख N मध्ये, महिन्याची पहिली तारीख P1 आणि शेवटची Q1 मध्ये असेल तर:

```
=MIN(N2,$Q$1)-MAX(M2,$P$1)+1
```

N रिकामा असला तरी चालतं, MIN रिकाम्या सेलला धरत नाही. मात्र तो खरंच रिकामा पाहिजे. उत्तर तारखेसारखं दिसलं तर सेल नंबरचा करून घे. १०४ ला २० येईल. मग १६ अधिक ३ अधिक ११ म्हणजे ३०, आणि ३० वजा २० म्हणजे १० चा फरक लगेच समोर. बिनपगारी १ केला की फरक शून्य. सोडून गेलेल्यांनाही हेच लागू, शेवटच्या तारखेनंतरचे दिवस लोक हमखास बिनपगारीत टाकतात.

फायनान्सला एकदाच विचारून घे की तारखेवरून दिवस ते कापतात की तुम्ही कापून द्यायचे. रमेशदादांच्या सॉफ्टवेअरसारखं सगळीकडे नसतं.

प्राजक्ता_हजेरी

विचारलं आत्ताच फोन करून, आमच्याकडेही सॉफ्टवेअर तारखेवरूनच कापतं. म्हणजे १ च पाठवायचा. बरं झालं विचारलं.

शेवटचं एक. १०६ चे मागच्या महिन्यात २ दिवस बिनपगारी गेले होते, पण कट-ऑफनंतर त्याची रजा मंजूर झाली, म्हणजे ते २ परत द्यायचे. या महिन्यात त्याचा १ दिवस खरंच बिनपगारी आहे. विभागाने शीटमध्ये बिनपगारी उणे १ लिहून पाठवलंय. पाठवू का तसंच?

सुजाता_एम

गणित तर बरोबर आहे, एक कापायचा दोन द्यायचे, उणे एक.

रमेश_फा

नका पाठवू. एक दिवसाचा पगार दोन्ही महिन्यांत सारखा असेलच असं नाही. समजा पगार ३१,००० आणि मागचा महिना ३१ दिवसांचा, तर मागच्या महिन्यातला दिवस १,००० चा, दोन दिवसांचे २,००० परत. या महिन्यातला दिवस १,०३३.३३ चा, तो कापायचा. हातात यायला हवेत ९६६.६७. तुम्ही उणे १ पाठवला तर तो या महिन्याच्या दराने परत जाणार, १,०३३.३३. फरक लहान वाटतो, पण मधल्या काळात पगारवाढ झाली असेल तर चांगला मोठा होतो. ज्यांच्याकडे दिवसाचा दर ठरावीक दिवसांवर काढतात, महिना कितीचाही असो, तिथे हा फरक येत नाही, पण पगारवाढीचा येतोच.

शिवाय काही सॉफ्टवेअर उणे आकडा घेतच नाहीत, शून्य धरतात. मग माणसाला काहीच मिळत नाही आणि तुमच्या शीटमध्ये तर दिलेलं दिसतं. मागच्या महिन्याची दुरुस्ती वेगळ्या कॉलममध्ये, कुठल्या महिन्याची आणि किती दिवस ते लिहून. या महिन्याच्या बिनपगारी कॉलममध्ये उणे काहीच नको. आणखी एक म्हणजे अनघाताईंचा तो दिवसांचा चेक उणे आकड्याने बिघडतो.

अनघा_बी

हो, १०६ ला लगेच २ चा फरक दिसला असता. टोटलमध्येही उणे एक दुसऱ्या कुणाचा खरा एक दिवस खाऊन टाकतो, म्हणून बिनपगारीची टोटल आणि दुरुस्तीची टोटल वेगवेगळी पाठवायची.

टाइमऑफिस_दादा

पाठवायच्या आधी अजून एक बघा, जमलं तर. ज्या तारखेला माणूस पूर्ण दिवस बिनपगारी आहे त्याच तारखेला त्याच्या नावावर ओटी आहे का. महिन्याच्या टोटलमध्ये हे दिसत नाही, रोजच्या हजेरीच्या डेटावरच दिसतं, कोड आणि तारीख दोन्ही धरून COUNTIFS लावायचं. सापडलं तर बहुतेक वेळा पंच चुकलेला असतो किंवा रजेचा अर्ज रद्द करायचा राहिलेला असतो, म्हणजे माणूस आलेला असतो आणि त्याचा दिवस कापला जात असतो.

प्राजक्ता_हजेरी

लावलं. तीन जण निघाले. दोघांचं कळलं, रजा रद्द करायची राहिली होती, दिवस काढले. तिसऱ्याची अर्धी रजा आहे, सकाळी अर्धा दिवस बिनपगारी आणि रात्री दोन तास ओटी, पंच पण बरोबर आहेत. याचं काय करायचं? मॅनेजर म्हणतायत ओटी नाही, आधी त्याचे आठ तास भरू देत.

सुजाता_एम

आमच्याकडे देत नाहीत, दिवसाचे पूर्ण तास झाल्यावरच ओटी.

निखिल९

पण मग अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा आणि ते दोन तासही फुकट, हे दोन्ही कसं? एकतर दोन तास अर्ध्या दिवसात वळते करा नाहीतर ओटी द्या.

टाइमऑफिस_दादा

निखिलचा मुद्दा रास्त आहे. मॅनेजर म्हणतात तसं दिवसाच्या तासांत धरायचे असतील तर कपात तेवढ्याने कमी व्हायला हवी, आणि ती अर्ध्या दिवसाची राहणार नाही. हे शीट बनवणाऱ्याने ठरवायचं नाही. पॉलिसीत लिहिलेलं आणि तुमच्याकडचा कायदा बघून एचआर हेडकडून लेखी घ्या.

प्राजक्ता_हजेरी

मेल टाकलाय त्यांना, अजून उत्तर नाही. त्या एका माणसाची ओळ पिवळी करून मेलमध्ये वेगळी लिहिते, दोन तास टोटलमधून वेगळे काढून. रमेशसर, असं अर्धवट चालेल का तुमच्याकडच्या लोकांना?

रमेश_फा

मला चालेल, एक ओळ प्रलंबित आणि का ते लिहिलेलं असेल तर. प्रलंबित दोन तास तुमच्या मशीन ते शीट हिशोबात वेगळी ओळ म्हणून दाखवा, नामंजूरमध्ये मिसळू नका. उत्तर कट-ऑफनंतर आलं तर पुढच्या महिन्यात दुरुस्तीच्या कॉलममध्ये येईल.

सुजाता_एम

मी आत्ता आमच्या तीनशे ओळींवर तो फरकाचा कॉलम लावला. अकरा निघाल्या, नामंजूर आणि हाताने टाकलेल्या धरून आठच व्हायला पाहिजेत. उरलेल्या तिनांपैकी दोन एकमेकांच्या उलट आहेत, एकाला साडेचार तास जास्त आणि दुसऱ्याला साडेचार तास कमी, कोड शेजारी शेजारी. तिसरी ओळ `#N/A` आहे, तिचा कोड मशीनमध्ये नाहीच. नवीन माणूस आहे का बघते.